‘२०% + १०%’ म्हणजे ३०% नव्हे : इंदूरच्या कापड व्यापाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
राजवाडा, जेल रोड, सीतलामाता बाजार आणि महाराजा तुकोजीराव क्लॉथ मार्केट परिसरातील
कापड व तयार कपड्यांचे सर्व व्यापारी बंधू-भगिनी, इंदूर.

सप्रेम नमस्कार.

गणपतीपासून दिवाळीपर्यंत आपल्या बाजारात ज्या पाट्या लागतात, त्यांत ‘२०% + १०% की छूट’ ही पाटी आता जागोजागी दिसते. रस्त्याने जाणारा माणूस ती वाचतो आणि मनातल्या मनात बेरीज करून ३० टक्के सूट मिळणार असे धरून आत येतो. बिल मात्र २८ टक्के सुटीचे होते. मी अनेक वर्षे शाळेत वाणिज्य विषय शिकवला आहे, त्यामुळे हे पत्र लिहिताना सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करते, की आपले बिल बरोबर असते. गल्ल्यावरचा हिशोब चोख असतो आणि संगणकही चुकत नाही. चूक असते ती पाटीवर, दोन आकड्यांच्या मधोमध काढलेल्या अधिकच्या चिन्हात. म्हणून माझी मागणी ३० टक्के सूट द्या अशी नाही. आपण २८ टक्के देता, तर २८ टक्केच लिहावे, एवढेच माझे म्हणणे आहे, आणि त्यामागचा हिशोब मी खाली सविस्तर मांडते.

छापील किंमत २,४०० रुपये असलेली एक सुती साडी घेऊ. पहिली सूट २० टक्के, म्हणजे ४८० रुपये. ते वजा केले की १,९२० रुपये उरतात. आता दुसरी सूट १० टक्के. पण ती आपण २,४०० वर देत नाही, उरलेल्या १,९२० वर देता. १,९२० चे १० टक्के म्हणजे १९२ रुपये, आणि तेही वजा केल्यावर ग्राहकाने द्यायची रक्कम होते १,७२८ रुपये. ग्राहकाने घरून जो हिशोब करून आणलेला असतो तो असा : २,४०० चे ३० टक्के ७२० रुपये, म्हणजे द्यायचे १,६८०. दोन्हींत फरक पडतो ४८ रुपयांचा.

हे ४८ रुपये कुठे गेले, हा प्रश्न मी विद्यार्थ्यांना नेहमी विचारत असे, आणि ‘नियमच तसा आहे’ हे उत्तर मी कधी स्वीकारले नाही. नीट पाहिले तर या ४८ रुपयांचा पत्ता अगदी नेमका सांगता येतो. पहिल्या सुटीत ग्राहकाचे ४८० रुपये माफ झाले. दुसऱ्या सुटीच्या वेळी हे ४८० रुपये हिशोबात उरलेलेच नव्हते, त्यामुळे त्यांच्यावर १० टक्के सूट देण्याचा प्रश्नच आला नाही. ४८० चे १० टक्के म्हणजे बरोबर ४८. बेरीज करणारा ग्राहक नकळत असे मागत असतो, की जे पैसे मला द्यायचेच नाहीत, त्यांच्यावरही मला आणखी सूट द्या. हे मागणे चुकीचे आहे. पण ते त्याच्या डोक्यात आपल्या पाटीने घातलेले आहे, हेही तितकेच खरे आहे.

टक्का हा स्वतंत्र आकडा नाही. तो नेहमी कशाचा तरी टक्का असतो. पाटीवरचे २० हे छापील किमतीचे २० आहेत आणि १० हे सूट मिळालेल्या किमतीचे १० आहेत. ज्या दोन टक्क्यांचा पाया वेगळा आहे त्यांची बेरीज करता येत नाही. छापील किमतीच्या भाषेत बोलायचे तर दुसरी सूट १० टक्क्यांची नसून ८ टक्क्यांची असते, कारण ती किमतीच्या केवळ ८० टक्के भागावर मिळते. २० आणि ८ मिळून २८.

आपल्याला हे मी शिकवावे, असे खरे तर काहीच नाही, कारण खरेदीच्या वेळी आपण हाच नियम रोज पाळता. ठोक व्यापाऱ्याच्या बिलात आधी व्यापारी सूट वजा होते, निव्वळ रक्कम काढली जाते आणि मुदतीच्या आत रोख पैसे चुकते केले तर त्या निव्वळ रकमेवर रोख सूट मिळते. क्लॉथ मार्केटातला कोणताही मुनीम या दोन सुटींची बेरीज करून एकदम वजा करणार नाही, आणि एखाद्या नवख्या मुलाने तसे केले तर ठोकवाला ते बिल तिथल्या तिथे परत करील. व्याजाच्या बाबतीतही तेच. एका वर्षी २० टक्के आणि दुसऱ्या वर्षी १० टक्के दराने रक्कम वाढली, तर चक्रवाढीने ती ३० नव्हे, ३२ टक्के वाढते, हे व्याजाचा व्यवहार करणारा प्रत्येक जण जाणतो. तिथे दोन टक्के जास्त पडतात, सुटीत दोन टक्के कमी पडतात. दोन्हींचे कारण एकच, २० चे १० टक्के. जो नियम ठोकवाल्याबरोबर आपण डोळे झाकून पाळता, तो किरकोळ ग्राहकासमोर येताच अधिकच्या चिन्हाआड का जातो, हा माझा आपल्याला प्रश्न आहे.

यावर काही जण म्हणतील, की दोन टक्क्यांसाठी एवढे मोठे पत्र कशाला. २० आणि १० च्या जोडीत फरक दोन टक्क्यांचाच आहे, हे मान्य. पण हा फरक स्थिर नसतो. दोन्ही आकड्यांचा गुणाकार करून त्याला १०० ने भागले, की बेरीज आणि खरी सूट यांतला फरक मिळतो, आणि म्हणून आकडे वाढले की तो झपाट्याने फुगतो. ३० + २० ची पाटी ५० वाटते, पण सूट मिळते ४४ टक्के. ५० + ४० ची पाटी ९० टक्के सूट असल्यासारखी दिसते, आणि मिळतात ७० टक्के. तिथे ग्राहकाला किमतीचा दहावा भाग द्यावा लागेल असे वाटते, प्रत्यक्षात ३० टक्के द्यावे लागतात, म्हणजे अपेक्षेच्या तिप्पट. हंगाम संपल्यावर शिल्लक माल काढताना अशाच मोठ्या जोड्या लावल्या जातात, त्यामुळे आज २० + १० ची सवय लावून घेतली तर उद्याचा गैरसमज दोन टक्क्यांवर थांबणार नाही.

पाटीवरची बेरीज खोटी आहे हे पटवण्यासाठी मी वर्गात ५० + ५० चे उदाहरण घेत असे. बेरीज खरी असती तर या पाटीखालचा सारा माल फुकट वाटावा लागला असता, आणि ६० + ५० ची पाटी लावणाऱ्याला साडीबरोबर वर पैसेही मोजून द्यावे लागले असते. प्रत्यक्षात ५० + ५० मध्ये अर्ध्याचे अर्धे उरते, म्हणजे सूट ७५ टक्के होते. माझ्या विद्यार्थ्यांपैकी ज्यांना सूत्र पाठ होत नसे, त्यांनाही हे एकदा ऐकल्यावर पुन्हा सांगावे लागले नाही.

आणखी एक बारकावा आहे, आणि तो आपल्यापैकी काही जणांच्या चांगलाच लक्षात आलेला दिसतो. बेरीज ३० च दाखवायची, पण सूट कमीत कमी द्यायची, असे ठरवले तर आकडे कसे फोडावेत? २५ + ५ केले तर सूट २८.७५ टक्के होते. २० + १० केले तर २८. आणि १५ + १५ केले तर २७.७५. दोन्ही तुकडे जितके सारखे, तितकी खरी सूट कमी. तीन तुकडे केले, म्हणजे १० + १० + १०, तर ती २७.१ वर येते. तिन्ही-चारही पाट्या वाचणाऱ्याला सारख्याच वाटतात आणि बिले मात्र वेगवेगळी होतात. शेजारशेजारच्या दोन दुकानांपैकी कुठे स्वस्त पडेल, हे पाटीवरून ओळखण्याचा मार्गच ग्राहकाला राहत नाही, आणि जो दुकानदार सरळ ‘२९ टक्के’ असे लिहील तो या सगळ्यांपेक्षा जास्त सूट देऊनही महाग ठरेल. प्रामाणिक पाटीचे नुकसान होते ते असे. ग्राहकाच्या ४८ रुपयांपेक्षा मला हे अधिक खटकते.

आता गल्ल्यावर प्रत्यक्ष काय घडते ते सांगते. दुकानाचे नाव घेण्याचे कारण नाही. माझ्या पुढे उभ्या असलेल्या मुलीने मोबाइलवर हिशोब करून १,६८० रुपये हातात मोजून ठेवले होते. गल्ल्यावरच्या मुलाने कॅल्क्युलेटर तिच्याकडे वळवला, ‘देखिए दीदी, बीस और दस, पूरे तीस’ असे म्हणत बटणे दाबली, आणि पडद्यावर १,७२८ आले. ती म्हणाली, हे तीस कुठे झाले? त्याने पुन्हा तीच बटणे दाबली, पुन्हा तोच आकडा आला, आणि शेवटी ‘सिस्टम इतना ही लेता है’ म्हणून तो मोकळा झाला. मुलीला वाटले आपल्याला फसवले. मुलाला वाटले ही उगाच घासाघीस करते आहे. त्याचे बिल बरोबर होते, पण ते बरोबर का आहे हे त्याला सांगता येत नव्हते, कारण तोंडाने तो स्वतः तीसच म्हणत होता.

अशा वेळी विक्रेत्यांकडून आणखी एक वाक्य ऐकायला मिळते, की आम्ही मोठी सूट आधी देतो, त्यात तुमचा फायदा आहे. यात तथ्य नाही. त्याच साडीवर आधी १० टक्के दिले तर २,४०० चे २,१६० होतात आणि त्यांवर २० टक्के दिले तरी उत्तर १,७२८ च येते. एकदा ०.८ ने आणि एकदा ०.९ ने गुणायचे आहे. गुणाकारात क्रम बदलल्याने काही बदलत नाही. मध्येच रक्कम पूर्ण रुपयांत केली तर पैशांचा किंवा एखाद्या रुपयाचा फरक दिसू शकेल, त्याहून जास्त नाही.

मात्र टक्क्यांच्या जोडीला ठरावीक रकमेचे कूपन आले की क्रमाला फार महत्त्व येते, आणि इथे आपल्या पाट्या बहुधा गप्प असतात. समजा, त्याच साडीवर २० टक्के सूट आहे आणि ग्राहकाकडे २०० रुपयांचे कूपन आहे. आधी टक्के आणि मग कूपन, तर १,९२० उणे २०० म्हणजे १,७२०. आधी कूपन आणि मग टक्के, तर २,२०० चे ८० टक्के म्हणजे १,७६०. चाळीस रुपयांचा हा फरक आहे, आणि तो म्हणजे कूपनच्या २०० रुपयांचे २० टक्के. दोन्ही पद्धती योग्य आहेत. पण दुकानात कोणती चालते हे कूपनवरच छापलेले असले पाहिजे, गल्ल्यावर ठरता कामा नये.

२० आणि १० मिळून खरोखरच ३० होतात, असा प्रसंग येऊ शकतो का? येऊ शकतो. दोन्ही सुटी छापील किमतीवरच द्यायच्या असे दुकानाने ठरवले, तर दोन्हींचा पाया एक होतो आणि बेरीज खरी ठरते. त्या साडीवर ४८० आणि २४० असे वेगवेगळे काढून दोन्ही छापील किमतीतून वजा होतील आणि १,६८० उरतील. पाटीवरचे अधिकचे चिन्ह फक्त याच प्रकाराला शोभते. असे करणारे दुकान मला अजून भेटलेले नाही, आणि त्याचे कारणही मी समजू शकते. ती साडी आपल्याला १,६०० रुपयांना पडली असे धरा, आणि कर, भाडे, पगार क्षणभर बाजूला ठेवा. १,७२८ ला विकली तर हातात १२८ रुपये राहतात. १,६८० ला विकली तर ८०. ग्राहकाच्या दृष्टीने जे दोन टक्के, ते आपल्या नफ्यातले तिसऱ्या हिश्श्याहून जास्त आहेत. म्हणूनच ‘ग्राहक समजतो ते देऊन टाका’ असा सल्ला मी देत नाही.

उलट, याच कारणासाठी बिल करणाऱ्या आपल्या मुलांकडे लक्ष द्यावे, असे मी सुचवीन. बिलाच्या संगणकात सुटीसाठी एकच रकाना असेल, तर घाईच्या दिवशी कोणी तरी त्यात ३० टाकतो आणि प्रत्येक नगावर आपले दोन टक्के जातात. त्या रकान्यात २८ टाकायचे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. तोही पाटीच वाचून आलेला असतो. असे झाले आहे का, हे ओळखणे सोपे आहे. दिवसाच्या कोणत्याही बिलावरची सुटीनंतरची रक्कम घ्यावी, तिला छापील किमतीने भागावे. उत्तर ०.७२ आले तर बिल ठीक, ०.७० आले तर त्या रकान्यात बेरीज गेली आहे.

ग्राहकांनीही घरी हीच पडताळणी करावी. डोक्यात हिशोब करायचा असेल तर किमतीचा पाचवा भाग काढून टाकावा आणि उरलेल्यातून दहावा भाग काढावा. एक गोष्ट मात्र या हिशोबात मिसळू देऊ नये. वेष्टनावर छापलेली कमाल किरकोळ किंमत सर्व करांसह असते, त्यामुळे दोन्ही सुटी वजा करून वर वेगळा जीएसटी लावलेला दिसला, तर तो टक्क्यांच्या बेरजेचा गैरसमज नव्हे, ती वेगळी आणि अधिक गंभीर तक्रार आहे.

कायद्याचा उल्लेख मी नाइलाजाने करते. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्या दिलेली आहे, आणि महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडवणे हा त्या व्याख्येचाच एक भाग आहे. ‘२०% + १०%’ एवढेच लिहिणे त्यात बसते की नाही, यावर वकील वाद घालू शकतील. पण त्याच पाटीखाली ‘यानी पूरे ३०%’ असे लिहिणे, किंवा दारातल्या माणसाने तसे ओरडून सांगणे, याच्या समर्थनार्थ काही बोलता येईल असे मला वाटत नाही, कारण तिथे सांगितलेला आकडा आणि घेतलेली रक्कम एकमेकांशी जुळतच नाहीत. असा अनुभव आलेला ग्राहक १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवू शकतो. गोष्ट तिथपर्यंत जाऊ नये असे मला मनापासून वाटते. आपल्यापैकी कित्येकांच्या दुकानांतून आमच्या घरच्या दोन पिढ्यांनी कापड घेतले आहे.

दोन सुटी वेगवेगळ्या दाखवण्याची आपल्याला खरी गरज असते, हे मला माहीत आहे. पहिली सूट सर्वांसाठी असते. दुसरी कधी ठरावीक रकमेच्या वरच्या खरेदीवर, कधी जुन्या ग्राहकाला, तर कधी एखाद्या बँकेच्या कार्डावर. तेव्हा दोन आकडे लिहूच नयेत असा माझा आग्रह नाही. दोन आकड्यांच्या मध्ये चिन्हाऐवजी शब्द असावेत, एवढाच आहे. पाटी हिंदीत असते, म्हणून हिंदीतच सुचवते : ‘२०% छूट, फिर बची रकम पर १०% छूट, कुल २८%’. यातला ‘कुल २८%’ हा भाग बाकीच्या अक्षरांइतकाच ठळक असावा, कोपऱ्यात तारा काढून खाली मुंगीच्या पावलांएवढा नसावा. कार्डावरच्या सुटीला कमाल रकमेची मर्यादा असेल तर तीही तिथेच लिहावी, कारण ती मर्यादा ओलांडली की २८ सुद्धा खरे राहत नाहीत. बिलावर छापील किंमत, पहिली सूट, उरलेली रक्कम, दुसरी सूट आणि द्यायची रक्कम अशा पाच ओळी छापाव्यात. त्या १,९२० ची मधली ओळ दिसली, की गल्ल्यावरच्या मुलाला कॅल्क्युलेटर वळवून दाखवण्याची वेळ सहसा येणार नाही.

दिवाळीच्या पाट्या रंगाऱ्याकडे आणि फ्लेक्सवाल्याकडे दसऱ्याच्या आधीच जातात. त्यापूर्वी आपल्या व्यापारी मंडळाच्या बैठकीत हा विषय घ्यावा आणि सर्व दुकानांसाठी एकच मजकूर ठरवावा, ही विनंती. एकट्या दुकानदाराने २८ लिहिले आणि शेजाऱ्याने २० + १० तसेच ठेवले, तर गिऱ्हाईक शेजारी जाईल; म्हणून हे पत्र मी कोणा एकाला न लिहिता आपणा सर्वांना लिहिले आहे. मजकुराचा मसुदा तपासून हवा असेल तर तो मी आनंदाने तपासून देईन.

कळावे,
आपली नम्र,
रामबागेतील एक निवृत्त वाणिज्य-शिक्षिका,
इंदूर